रात्री बारा दहाला तारीख बदलली, तेव्हापासून ती आपोआप पुढे जात नाही

मृणाल_सांगली (मंगळवार, ३ मार्च, सकाळी ८:४०)

नमस्कार. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, महिन्यातले पंधरा दिवस रातपाळी असते. हातात बाबांचं घड्याळ वापरते. जपानी बनावटीचं ऑटोमॅटिक आहे, सेल नाही, हाताच्या हालचालीवर चालतं. तीनच्या आकड्याशी वार आणि तारीख दोन्ही दिसतात. वार इंग्रजीत किंवा हिंदीत, हवा तसा ठेवता येतो. बाबा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ते माझ्याकडे आहे आणि एकदाही बिघडलं नव्हतं.

शनिवारी, २८ फेब्रुवारीला रात्री ड्यूटीवर होते. नमुन्याच्या बाटलीवर तारीख लिहायला घड्याळ पाहिलं तर त्यात २९ दिसत होते. घड्याळाला फेब्रुवारी कळत नाही, हे माहीत आहे, दर वर्षी बाबाच ते बदलायचे. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी चावी एक खटका बाहेर ओढली आणि तारीख पुढे न्यायला लागले. २९ चे ३० झाले, मग जरा अडल्यासारखं वाटलं. थोडा जोर लावला, आत बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि ३१, १ असं होऊन तारीख बरोबर आली. चावी दाबून टाकली.

सोमवारी सकाळी पाहिलं तर तारीख १ च. आज मंगळवार, तरी १ च. वार मात्र व्यवस्थित बदलतोय. चावीने फिरवली तर तारीख छान पुढे जाते. फक्त रात्री आपोआप बदलत नाही. घड्याळ वेळ अचूक दाखवतंय.

माझ्या हातून काही मोडलं का? आणि दुरुस्त होईल का? बाबांचं असल्यामुळे कुणाच्याही हातात द्यायची भीती वाटते.

देवदत्त_पनवेल (३ मार्च, ९:१५)

तुम्ही काटे उलटे फिरवले असणार. घड्याळाचे काटे कधीही मागे फिरवू नयेत, त्याने आतली चाकं एकमेकांत अडकतात. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. ऑटोमॅटिक घड्याळं मुळातच नाजूक. सेलवालं घ्या, त्यात तारीख कधीही बदला, रात्री बारा काय आणि दुपारी बारा काय, काही होत नाही.

मृणाल_सांगली (३ मार्च, ९:२२)

नाही, काट्यांना मी हातच लावला नाही. चावी एकच खटका ओढली होती, दुसरा नाही.

अण्णा_घड्याळवाले (३ मार्च, ११:०५)

मृणालताई, कोल्हापुरात चाळीस वर्षं टेबलावर बसून घड्याळं उघडतो आहे. हा बिघाड मार्चच्या पहिल्या आठवड्यात दर वर्षी येतो. मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर लागला की पुन्हा येतो, कारण आधीचा महिना तीस दिवसांचा असतो. लोक रात्री झोपायच्या आधी किंवा बारा वाजल्यावर तारीख दुरुस्त करायला घेतात आणि नेमकी तीच वेळ वाईट.

तुमच्या घड्याळात काय झालं असावं याचा अंदाज मला आहे, पण आधी दोन गोष्टी बघून सांगा.

पहिली: आज दुपारी बाराच्या सुमारास तारखेच्या खिडकीकडे लक्ष ठेवा. काही वेळा घड्याळ बारा तासांनी चुकलेलं असतं, म्हणजे त्याच्या लेखी मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे दुपार असते. तसं असेल तर काही मोडलेलंच नाही.

दुसरी: चावी दुसऱ्या खटक्यावर ओढा आणि काटे पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा, पूर्ण दोन फेऱ्या, म्हणजे चोवीस तास. एकदा तरी मध्यरात्र येईलच. तास काटा नऊच्या पुढे गेला की अगदी सावकाश फिरवा आणि तारखेचा आकडा हलतो का, ते डोळ्यांत तेल घालून बघा. पहिल्या खटक्यावर मात्र आता काही करू नका.

सुमती_जोशी (३ मार्च, १२:३०)

मला वाटतं यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. पंचांगात तिथी आणि वार पाहताना आम्ही तेच धरतो. माझ्या यजमानांच्या घड्याळात तर पहाटेपर्यंत जुनाच वार अर्धवट दिसायचा आणि उजाडेपर्यंत नवा यायचा. म्हणून मी म्हणायची की हे घड्याळ आपल्या पद्धतीचं आहे. तुमचं घड्याळही तसंच असेल.

किरण_नाशिक (३ मार्च, १:१०)

सुमतीताई, वाराचं तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे, पहाटेपर्यंत वार अर्धवट दिसतो. कारण मात्र सूर्योदय नाही. मी यंत्र अभियंता आहे, घड्याळं दुरुस्त करत नाही, पण गणित सांगू शकतो.

तारखेची चकती म्हणजे आतल्या बाजूला ३१ दात असलेली एक कडी. एका तारखेसाठी ती साडेअकरा अंशांहून थोडी जास्त सरकावी लागते. तिला ढकलणारं चाक चोवीस तासांत एकच फेरी मारतं, म्हणजे तासाला १५ अंश. त्या चाकावर एक बोट असतं आणि ते दाताला लागून त्याला रेटत रेटत नेतं. या वेगाने हे काम मिनिटात होणं शक्यच नाही, त्याला काही तास लागतात. आपल्याला खिडकीत आकडा बाराला उडी मारताना दिसतो, पण आत ढकलाढकली दहाच्या आसपासच सुरू झालेली असते.

वाराचं त्याहून लांबतं. दोन भाषा असल्या की चकतीवर सात नव्हे, चौदा नावं असतात. इंग्रजी शनिवारनंतर इंग्रजी रविवार यायला चकतीला दोन घरं सरकावं लागतं, मधल्या घरात हिंदी ‘रवि’ येतो. म्हणून पहाटे एकला पाहिलं तर वार हिंदीत दिसतो आणि अडीच-तीनला परत इंग्रजीत येतो.

मृणाल_सांगली (३ मार्च, १:५०)

किरण, हे वाचून फार हायसं वाटलं! रात्री एकच्या सुमारास वार हिंदीत दिसायचा आणि मला वाटायचं की हेही बिघडत चाललंय.

अण्णा, दुपारी बाराला काहीच बदललं नाही, मी साडेबारापर्यंत बघत बसले. मग काटे फिरवून पाहिले. पहिल्याच फेरीत अकराच्या थोडं पुढे आकडा केसभर सरकला, १ चा अंक खिडकीच्या कडेकडे गेला आणि बाराच्या आधीच पुन्हा जागेवर आला. वार मात्र पुढे गेला, आधी हिंदी, मग इंग्रजी. याचा अर्थ काय?

अण्णा_घड्याळवाले (३ मार्च, ३:३०)

तुम्ही फार नीट पाहिलंत. आता मला बरंच कळलं.

किरणदादांनी बोटाचं सांगितलं, ते बरोबर आहे. त्या कडीला आणखी एक गोष्ट धरून असते, एक स्प्रिंगचा खटका. त्याचं टोक दोन दातांमध्ये बसतं, म्हणून तारीख खिडकीच्या मधोमध राहते. बोट दात ढकलायला लागलं की दात त्या खटक्याच्या उतारावर चढतो. माथ्यापर्यंत गेला की पलीकडे घसरतो आणि खटका कडीला पुढच्या घरात ओढून घेतो. आपल्याला दिसते ती उडी हीच. तुमचं बोट दाताला थोडं चढवतं, पण माथ्यापर्यंत नेऊ शकत नाही, मधेच सुटतं. मग खटका कडीला मागे आणतो. म्हणजे बोट वाकलेलं आहे किंवा टोकाला तुटून आखूड झालेलं आहे. पूर्ण तुटलं असतं तर आकडा केसभरही हलला नसता.

शनिवारी रात्री काय झालं ते सांगतो. बारा दहाला तारीख २८ ची २९ झाली होती. पण बोट अजून कडीच्या बाहेर आलं नव्हतं, दोन दातांच्या मधल्या फटीत होतं. तिथून बाहेर पडायला त्याला आणखी तास-दीड तास लागतो. तुम्ही चावी फिरवली तेव्हा वेगळ्याच चाकाने कडी पुढे जायला लागली आणि मागचा दात येऊन बोटाच्या पाठीवर आदळला. बोट पुढे पळू शकत नाही, कारण ते ज्या चाकावर आहे ते चाक काट्यांशी जोडलेलं आहे आणि काटे तर आपल्या गतीनेच चालणार. तुम्हाला जे अडल्यासारखं वाटलं ते हेच. पहिल्या वेळी बोट लवलं आणि दात निघून गेला, दुसऱ्या वेळी जोर लावल्यावर ‘टक्’ झालं. अनेक मशीनमध्ये हे बोट प्लॅस्टिकचं असतं आणि थोडं लवावं म्हणूनच तसं केलेलं असतं. पण वीस-पंचवीस वर्षं जुनं प्लॅस्टिक कडक होतं.

वार वाचला, कारण तुम्ही वाराला हात लावला नाही. त्याचं बोट वेगळं असतं.

स्वतःला दोष देऊ नका. माहितीपत्रकात ही सूचना असते, पण ते पत्रक बाबांच्या कपाटात कुठे असेल, कोण जाणे.

देवदत्त_पनवेल (३ मार्च, ४:१५)

अण्णा, मी काट्यांचं चुकीचं सांगितलं, मान्य. पण सेलच्या घड्याळाला हा त्रास नाही ना? मी गेली दहा वर्षं रात्री केव्हाही तारीख बदलतो.

अण्णा_घड्याळवाले (३ मार्च, ४:४०)

देवदत्तराव, त्रास तोच. सेल फक्त काटे चालवतो. तारखेची कडी, बोट, खटका सगळं तसंच असतं. सेलच्या घड्याळांच्या पत्रकातही रात्री नऊ ते एक तारीख बदलू नका असं लिहिलेलं सापडेल, वार असेल तर ही वेळ आणखी वाढते. उलट सेलच्या घड्याळाची मोटर अगदी कमी ताकदीची असते. कडी अर्धवट अडकली तर ती ढकलू शकत नाही आणि घड्याळ मध्यरात्रीच्या आसपास थांबतं. लोक नवा सेल घालून घेतात, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तुमचं दहा वर्षं निभावलं कारण बोट लवचिक निघालं. ते दर वेळी निभावेलच, असं मी सांगणार नाही.

सलील_मस्कत (३ मार्च, ६:२०)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण मध्यरात्रीचाच. मुंबईहून मस्कतला उतरलो तेव्हा घड्याळात भारतीय वेळ बारा पन्नास होती, इथे अकरा वीस. विमानातच काटे दीड तास मागे घेतले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका कागदावर सही करताना तारीख एक दिवस पुढची घातली, कारण घड्याळात तीच होती. माझ्या घड्याळात फक्त तारीख आहे, वार नाही. मग हेही काही मोडल्यामुळे झालं का?

किरण_नाशिक (३ मार्च, ६:५०)

मोडलं नसेल. घड्याळात त्या रात्री दोनदा मध्यरात्र झाली. भारतीय बाराला तारीख एकदा पुढे गेली. तुम्ही काटे मागे नेले तेव्हा तारीख मागे आली नाही, बहुतेक मशीनमध्ये येत नाही, कारण बोट उलटं जाताना दाताला फक्त चाटून जातं. मग चाळीस मिनिटांनी मस्कतची मध्यरात्र आली आणि तारीख पुन्हा पुढे गेली.

अण्णा_घड्याळवाले (३ मार्च, ८:१०)

बरोबर. सलीलदादा, पुढच्या वेळी विमानात काही करू नका. रात्रभर भारतीय वेळ राहू द्या आणि मस्कतला सकाळी उठल्यावर साडेआठचे सात करा. मध्यरात्र ओलांडली जात नाही, तारखेला धक्काही लागत नाही. आता एक दिवस पुढे असलेली तारीख मागे आणायची तर चावीने मागे येत नाही, तीस घरं पुढे फिरवून पूर्ण वळसा घालावा लागेल. सकाळी सात-आठला करा, हळू करा.

राहुल_ठाणे (३ मार्च, ९:००)

इथे सगळे पहिला खटका, दुसरा खटका म्हणताहेत. माझ्या घड्याळात पहिला खटकाच नाही! आजोबांचं जुनं सिको फाइव्ह आहे, १९७० च्या सुमाराचं. चावी ओढली की थेट काटेच फिरतात. मधला खटका सापडावा म्हणून मी अर्धी-अर्धी ओढून बघतोय, तो कुठे तरी अडकला असेल का?

अण्णा_घड्याळवाले (३ मार्च, ९:२५)

राहुल, ओढणं आधी थांबवा. त्या काळच्या सिकोच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये चावी बाहेर ओढायची नसते, आत दाबायची असते. अर्धी दाबली की तारीख एक घर पुढे, पूर्ण दाबली की वार पुढे. दाबून सोडा, पुन्हा दाबा. ती चावी चारच्या आकड्याशी, जवळजवळ घड्याळाच्या कडेत बुडालेली असेल. मध्यरात्रीचा नियम तिलाही लागू आहे, उलट जास्तच, कारण दाबण्यात जोर सहज जास्त लागतो.

मृणाल_सांगली (४ मार्च, सकाळी ९:३०)

अण्णा, मी घड्याळ दाखवायला नेणार आहे. पण त्याआधी बरोबर पद्धत नीट समजून घ्यायची आहे. दुरुस्त झाल्यावर पुन्हा हीच चूक नको. माझी ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ. समजा बंद पडलेलं घड्याळ रात्री अकरा चाळीसला हातात घेतलं आणि वार-तारीख लावायची आहे, तर काय करायचं?

अण्णा_घड्याळवाले (४ मार्च, ११:१५)

आजचाच दिवस धरू. बुधवार, ४ मार्च, रात्रीचे अकरा चाळीस. बंद घड्याळात समजा सव्वादहा वाजलेले आहेत, वार गुरुवार, तारीख १७. हे सव्वादहा सकाळचे की रात्रीचे, ते घड्याळाकडे बघून कळत नाही. म्हणून तारखेला सरळ हात लावायचा नाही.

चावी स्क्रूची असेल तर आधी सैल करा. दुसऱ्या खटक्यापर्यंत ओढा आणि काटे पुढे न्या, तारीख १७ ची १८ होईपर्यंत. बाराला नाही बदलली तर सव्वादहा सकाळचे होते, आणखी एक फेरी फिरवा. तारीख बदलली की घड्याळाच्या दृष्टीने मध्यरात्र उलटली, हे तुम्हाला पक्कं कळलं. तिथे थांबू नका, तास काटा खाली सहाच्या आकड्यापर्यंत न्या. आता घड्याळात सकाळचे सहा आहेत आणि सगळी बोटं दातांपासून लांब गेलेली आहेत. वारही आपलं दोन घरांचं सरकणं संपवून बसलेला आहे.

मग चावी पहिल्या खटक्यावर आणा. एका दिशेला फिरवली की तारीख जाते, उलट दिशेला वार. कोणती दिशा कशाची, ते मशीनप्रमाणे वेगळं असतं, एकदा फिरवलं की कळतं. इथे आजची तारीख लावायची नाही, कालची लावायची. म्हणजे ३ आणि मंगळवार. वार हव्या त्या भाषेत ठेवा.

आता पुन्हा दुसरा खटका. काटे पुढे न्या, दुपारचे बारा जातील, तेव्हा तारीख बदलणार नाही. पुढच्या बाराला ३ चे ४ होतील. पुढे न्या, पहाटे तीन-चारपर्यंत वार बुधवारवर येईल. त्याच्याही पुढे, दुपारचे बारा ओलांडून रात्रीच्या अकरा चाळीसपर्यंत या. चावी दाबा, स्क्रूची असेल तर घट्ट करा. बारा वाजले की ५ तारीख आपोआप येईल.

कालची तारीख का, असं लोक विचारतात. कारण आजची तारीख घड्याळाच्या स्वतःच्या ताकदीने, बोटाने ढकलून आली हे तुम्ही डोळ्यांनी बघता. बोट तुटलेलं असेल तर तिथेच समजतं. आणि सकाळ-रात्रीचा घोळ उरत नाही.

फेब्रुवारीसारखी नुसती तारीख दुरुस्त करायची असेल तर एवढं सगळं नको. सकाळी ड्यूटी संपल्यावर आठला पहिला खटका ओढा, तीन घरं फिरवा, झालं.

किरण_नाशिक (४ मार्च, ११:४०)

यात मला एक सोपी खूण दिसली. धोक्याची वेळ रात्री नऊ ते पहाटे चार धरली तर डायलवर तो भाग नऊपासून वर बारा आणि उजवीकडे चारपर्यंत येतो. म्हणजे तास काटा चार आणि नऊच्या मध्ये, खालच्या अर्ध्या भागात असला तर सकाळ असो वा संध्याकाळ, दोन्ही वेळा सुरक्षित. काटा खाली आणला की रात्र-दिवस ओळखायची गरजच नाही.

अण्णा_घड्याळवाले (४ मार्च, १२:०५)

हे चांगलं सांगितलंत. मी गिऱ्हाइकाला सांगतो की काटा सहावर आणा, पण का ते असं सरळ शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. नऊच्या अगदी कडेला नको, पाच ते सातमध्ये ठेवा.

देवदत्त_पनवेल (४ मार्च, २:००)

पण मग काटे मागे फिरवण्याचं काय? मी लहानपणापासून ऐकलंय की कधीच मागे फिरवू नये.

अण्णा_घड्याळवाले (४ मार्च, २:४५)

यावर आमच्या धंद्यातही एकमत नाही. माझ्या गुरूंनी काटे मागे न्यायला मनाई केली होती. पण पहिला खटकाच नसलेली जुनी चावीची घड्याळं येतात, त्यात तारीख लावायचा मार्गच तो असतो: बारा ओलांडून तारीख बदलली की काटे मागे आठ-नऊपर्यंत आणायचे, पुन्हा बारा ओलांडायचे, अशी दर घराला एक खेप. ती मशीन त्यासाठीच केलेली आहेत. आजच्या घड्याळात वेळ मिळवताना दहा-पंधरा मिनिटं मागे गेलात तर काही होत नाही. मध्यरात्रीच्या भागातून मागे जाणं मी टाळतो. माझा धाकटा भाऊ, तोही याच कामात, म्हणतो की आता बोट लवचिक असतं, काळजी नको. मी अजून त्याचं ऐकलेलं नाही.

किरण_नाशिक (४ मार्च, ३:१०)

किमती घड्याळांमध्ये केव्हाही तारीख बदलता येते, असं ऐकलंय. आत काही तरी सुटं होणारं असतं म्हणे. खरं का?

अण्णा_घड्याळवाले (४ मार्च, ३:३५)

काही मशीन तशी बनवलेली असतात, हे खरं. पण किंमत बघून ठरवता येत नाही. महाग घड्याळातही वाकलेली बोटं पाहिली आहेत. त्या मशीनच्या पत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच मानावं.

मृणाल_सांगली (मंगळवार, १० मार्च, रात्री ९:१५)

आज घड्याळ घरी आलं. अण्णांनी सांगितलेलं सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं, इथल्या घड्याळजींनी वाचून मान हलवली आणि माझ्यासमोरच उघडलं. काटे काढले, डायल काढली, मग वाराची चकती, मग तारखेच्या कडीवरचा पत्रा. एवढं सगळं काढल्यावर ते चाक दिसलं. भिंगातून मला दाखवलं, बोटाचं टोक अर्धं उडालेलं होतं आणि तुकडा कडीखाली पडलेला होता. कडीचे दात शाबूत आहेत. तुकडा मशीनमध्ये हिंडत राहिला असता तर काटेही थांबले असते, असं ते म्हणाले. त्याच जातीच्या एका बंद मशीनमधून चाक काढून बसवलं. भाग किरकोळ होता, पैसे मुख्यतः खोलून बसवण्याचे आणि साफसफाईचे झाले.

एक गोष्ट मजेशीर होती. काटे परत बसवताना त्यांनी आधी काट्यांशिवायच चावी फिरवली, तारखेने उडी मारल्याबरोबर थांबले आणि मग दोन्ही काटे बारावर बसवले. काल रात्री त्यांच्या दुकानात तारीख बारा वाजून आठ मिनिटांनी बदलली म्हणे. ही आठ मिनिटं चालतील का, की पुन्हा नेऊ?

अण्णा_घड्याळवाले (१० मार्च, ९:५०)

अजिबात नेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं इकडे-तिकडे चालतं. काटे बसवताना जेवढं जमतं तेवढंच जुळतं, आठ मिनिटं म्हणजे हात चांगला आहे त्यांचा. महिना-दोन महिन्यांत तारीख बाराच्या अर्धा तास पुढे-मागे जायला लागली तर मात्र तास काटा सैल झाला आहे का, ते दाखवा. आणि जुन्या मशीनमधून काढलेलं चाक म्हणजे प्लॅस्टिक तेवढंच जुनं, हे लक्षात ठेवा. नवं मिळालं तर घेऊन ठेवा.

मृणाल_सांगली (१० मार्च, १०:०५)

ठेवते. ३० एप्रिलला माझी रातपाळी आहे. १ मेला सकाळी आठपर्यंत घड्याळात ३१ दिसत राहतील, राहू देते. बाटल्यांवर तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावरून लिहीन.

राहुल_ठाणे (११ मार्च, सकाळी ८:२०)

अण्णा, सकाळी सातला चावी दाबून पाहिली. अर्धी दाबल्यावर तारीख बदलते, अगदी तुम्ही म्हणालात तशी! पूर्ण दाबली तर मात्र वार हलत नाही. चावी खाली टेकल्यासारखी वाटते, त्याच्या पुढे जात नाही. अजून जोर लावू का?

अण्णा_घड्याळवाले (११ मार्च, ८:४५)

नको. पन्नास वर्षांचं वाळलेलं तेल आणि मळ चावीच्या दांड्याशी साचला असेल, म्हणून दाब शेवटपर्यंत पोहोचत नसेल. किंवा वार ढकलणारा आकडा झिजला असेल. न उघडता दोन्हींतलं कोणतं ते सांगता येणार नाही. तारीख लावा, वार आहे तसाच राहू द्या आणि घड्याळ उघडून बघणाऱ्याकडे न्या. उघडल्यावर काय निघालं ते इथे लिहा.